पनीर चिवट का होतं?

लाखनी असो की तुमसर, घरी म्हशीचं दूध आलं की कुणीतरी पनीर करून पाहतंच. विदर्भातल्या नागपुरी म्हशीचं दूध दाट आणि स्निग्ध, त्यामुळे लिटरभर दुधातून दोनशे ग्रॅमच्या आसपास पनीर मिळायला हरकत नाही. मग ते चिवट का होतं? बहुतेकदा उकळत्या दुधातच लिंबू पिळल्यामुळे.

दूध आधी ९० अंशांपर्यंत तापवावं लागतं, हे खरं. त्या तापमानाला एरवी पाण्यासोबत निघून जाणारी प्रथिनं केसिनला चिकटतात आणि पनीर जास्त पडतं. पण नंतर गॅस बंद करून दूध ७० अंशांवर येऊ द्यायचं. दोन ग्रॅम सायट्रिक ॲसिड पाऊण पेला गरम पाण्यात विरघळवून हळूहळू ओतायचं. आम्लता वाढली की केसिनच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा विद्युतभार घटतो आणि ते गोळा होतात.

दूध फार गरम असेल तर हे कण एकमेकांना घट्ट आवळतात, आतलं पाणी पिळून निघतं आणि उरतं ते रबर. फाटल्यानंतरही उकळत ठेवलं, तरी तेच. उलट दूध फार निवलं, तर पनीर ओलसर राहतं, वडी सुटते.

पाणी हिरवट, नितळ दिसलं की थांबायचं. दुधाळ असेल तर आम्ल कमी पडलंय. आणखी चमचाभर घाला, आच वाढवू नका.