जुना सहकारी आणि ओळखीची विनंती

नोकरी बदलली की सहकाऱ्यांशी रोजचे बोलणे थांबते. वर्षभर सणासुदीचे संदेश येत-जात राहतात आणि पुढे तेही बंद होतात. मग एखाद्या कामासाठी ज्या व्यक्तीची ओळख हवी असते ती नेमकी त्याच जुन्या सहकाऱ्याच्या परिचयाची निघते, आणि इतक्या वर्षांनी फोन करायचा कसा, असा संकोच वाटू लागतो.

अशा थंडावलेल्या ओळखींचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये दाखवून दिले की नव्या संधींची माहिती बऱ्याचदा जुजबी ओळखीच्या माणसांकडून मिळते, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. डॅनियल लेव्हिन, हॉर्हे वॉल्टर आणि कीथ मर्निघन यांचा 2011 मधील अभ्यास खास तुटलेल्या संपर्कांवर होता. त्यांनी नोकरदार अधिकाऱ्यांना जुन्या परिचितांशी पुन्हा बोलून चालू कामाबद्दल सल्ला घ्यायला लावले. तो सल्ला नेहमीच्या संपर्कातील लोकांच्या सल्ल्याइतकाच, अनेकदा जास्त उपयोगी आणि नवा ठरला. मधल्या काळात त्या परिचितांचे जग बदलले होते, पण एकत्र काम करताना बसलेला विश्वास पुरता पुसला गेला नव्हता. मौनाबद्दलची भीतीही बरीचशी अनाठायी असते. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या 2022 मधील प्रयोगांत, संपर्क साधणाऱ्याला वाटते त्यापेक्षा समोरच्याला त्याचे अधिक अप्रूप वाटते, असे आढळले. अनपेक्षितपणा हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

तेव्हा बहुतेक वेळा संबंध बिघडतो तो वर्षांच्या मौनामुळे नव्हे, तर हेतू लपवल्यामुळे. सोमवारी ‘कसा आहेस, खूप दिवस झाले’ असा संदेश पाठवायचा, उत्तर आले की दोन वाक्यांत ख्यालीखुशाली विचारायची आणि बुधवारी काम सांगायचे, हा प्रकार समोरच्याला लगेच कळतो. सोमवारची आपुलकीही मग खोटी वाटू लागते. प्रामाणिक मार्ग दोनच आहेत. गरज अजून दूर असेल तर कोणतीही विनंती न करता संपर्क साधावा आणि तो खरोखर टिकवावा. गरज समोर उभी असेल तर पहिल्याच संदेशात कामाचा उल्लेख करावा, पण ओळख करून देण्याची विनंती मात्र प्रत्यक्ष बोलणे होईपर्यंत थांबवावी.

हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात दोघे जण क्वालिटी विभागात एकत्र होते. त्यातील एकीने पुढे फिक्श्चर आणि गेज बनवण्याचे छोटे वर्कशॉप सुरू केले. दुसरा चाकणच्या एका कंपनीत काही वर्षे काढून आता वेगळ्याच ठिकाणी आहे. त्या चाकणच्या कंपनीतील टूलरूम प्रमुखाशी तिला ओळख हवी आहे. दोघांचे बोलणे होऊन सात वर्षे झाली आहेत. तिचा पहिला संदेश असा असू शकतो:

‘अरे, अंबडला आपण ग्राहकाच्या ऑडिटच्या आदल्या रात्री सगळी गेज पुन्हा तपासली होती, त्याची आज आठवण आली. नंतर संपर्क ठेवायचा राहूनच गेला, सॉरी. मी आता स्वतःचं फिक्श्चरचं वर्कशॉप चालवते. चाकणमधल्या कामाबद्दल तुझ्याशी थोडं बोलायचं आहे आणि तुझं कसं चाललंय तेही ऐकायचं आहे. या आठवड्यात वीसेक मिनिटं जमेल का? घाईत असशील तर नंतर बोलू.’

संदेशातील आठवण त्या दोघांचीच आहे, त्यामुळे तो शंभर जणांना पाठवलेला वाटत नाही. मौनाबद्दल एकच वाक्य आहे. लांबलचक माफी मागितली की समोरच्यावरच समजूत घालायचे ओझे येते. काम आहे हे उघड सांगितले आहे, वेळ मोजका मागितला आहे आणि नकाराला वाट ठेवली आहे.

फोनवर आधी त्याचे ऐकावे. सात वर्षांत त्याने विभाग बदलला असेल, चाकणची कंपनी कशामुळे सोडली तेही महत्त्वाचे असेल. जुन्या वरिष्ठांशी वाद होऊन तो बाहेर पडला असेल तर त्याच्या शिफारशीने उलटाच परिणाम होईल. म्हणून थेट ‘ओळख करून दे’ असे न म्हणता, ‘त्यांच्याशी तुझं अजून बोलणं आहे का? माझं नाव सुचवणं तुला योग्य वाटेल का?’ असे विचारावे. ‘बघतो’, ‘सध्या ते फार बिझी असतात’ अशी उत्तरे आली तर तो सभ्य नकार समजावा आणि विषय तिथेच सोडावा. तो अजून त्याच कंपनीत असता तर आणखी काळजी घ्यावी लागली असती: पुरवठादार सुचवताना जुनी ओळख असल्याचे त्याने कंपनीला सांगणे आवश्यक ठरते, आणि त्याच्याकडे इतरांचे दर किंवा आतली माहिती तर मागूच नये.

तो तयार झाला तर त्याचे काम हलके करावे. त्याला जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा पाच-सहा ओळींचा मजकूर त्याच दिवशी द्यावा: वर्कशॉप काय बनवते, कोणत्या अचूकतेपर्यंत काम करते, सध्या कोणत्या प्रकारच्या कारखान्यांना माल देते आणि टूलरूम प्रमुखांकडून नेमके काय हवे आहे. ‘एकदा भेटून नमुने दाखवायचे आहेत’ ही मागणी चालते. ‘काही काम असेल तर बघा’ ही इतकी मोघम असते की तिला उत्तर देणेच अवघड जाते. मजकूर मिळाल्यावर त्याने आधी टूलरूम प्रमुखांना विचारावे आणि त्यांचा होकार आल्यावरच दोघांना जोडून द्यावे. न विचारता नंबर दिला तर तिसऱ्या माणसाची अडचण होते आणि मध्यस्थाची पत खर्ची पडते. ओळख झाल्यावर पहिला संदेश तिने एका दिवसाच्या आत पाठवावा, कारण दिरंगाई झाली तर कमीपणा मध्यस्थाला येतो.

पहिल्याच संदेशाला उत्तर न आल्यास दोनेक आठवड्यांनी एकदा छोटी आठवण करावी. तीही अनुत्तरित राहिली तर थांबावे. नंबर बदललेला असू शकतो, घरात आजारपण असू शकते किंवा त्याला खरोखरच बोलायचे नसेल. कारण खोदून काढणे किंवा दुसऱ्या सहकाऱ्याकडून निरोप धाडणे टाळावे. पूर्वी दोघांत कटुता आली असेल, श्रेय किंवा बढतीवरून मन दुखावलेले असेल, तर ही पद्धत पुरत नाही. तिथे आधी तो विषय मोकळा व्हावा लागतो आणि विनंतीसाठी दुसरा माणूस शोधणे बरे.

भेट झाली की मध्यस्थाला निकाल कळवायचा असतो, आणि अनेक जण नेमके हेच विसरतात. ऑर्डर मिळाली नाही तरी ‘काल भेटले, नमुने ठेवून घेतले, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय, तुझे आभार’ एवढे सांगितले की आपल्या शब्दाचे काय झाले ते त्याला समजते. अन्यथा काही महिन्यांनी टूलरूम प्रमुखांकडूनच त्याला ते ऐकावे लागते आणि पुढची विनंती त्याला जड वाटते. पुढे त्याच्या कामाची एखादी माहिती हाती लागली तर ती आपणहून कळवावी. पुढच्या वेळी संपर्काला कारण शोधावे लागत नाही.