एका पाकिटाचा माग

सांगली जिल्ह्यातल्या एका गावात पाच-सहा बायकांच्या जोरावर चालणारं मसाल्याचं युनिट आहे. मिरची पावडर, हळद आणि कांदा-लसूण मसाला, एवढाच माल. एका मोठ्या कॅटरिंग कंपनीनं त्यांच्याकडून मिरची पावडर घेण्याची तयारी दाखवली, पण आधी ऑडिट होईल, असं कळवलं. ताईंनी लगेच दोन गोष्टी ठरवल्या: भिंतींना टाइल्स लावायच्या आणि सगळ्यांना टोप्या, ॲप्रन घ्यायचे. सल्ल्यासाठी मला बोलावलं तेव्हा टाइल्सचं कोटेशन टेबलावरच होतं.

टाइल्स थांबवा, असं मी म्हटलं. धुता येईल अशी गुळगुळीत, न पोपडणारी भिंत एवढीच गरज असते आणि ती चांगल्या ऑइलपेंटनंही भागते. टोप्या तर लागतातच. एफएसएसएआयचा परवाना, पाण्याचा तपासणी अहवाल, कामगारांचे वैद्यकीय दाखले, पेस्ट कंट्रोलची नोंद, काट्यावरचा वैधमापन विभागाचा शिक्का ही कागदपत्रंही हवीतच. खरेदीदार ती बहुधा आधीच मागवून घेतो. ऑडिटर प्रत्यक्ष येतो तो दुसऱ्याच प्रश्नासाठी. हे पाकीट कोणत्या पोत्यातून आलं, आणि त्या पोत्यातला बाकीचा माल आज कुठे आहे?

हा प्रश्न का, ते समजून घ्यायला हवं. वसतिगृहाच्या मेसमध्ये किंवा दवाखान्याच्या स्वयंपाकघरात एका वेळी शेकडो माणसं जेवतात. एखाद्या लॉटमध्ये साल्मोनेला निघाला, किंवा मिरचीत बेकायदा रंग सापडला, तर खरेदीदाराला काही तासांत नेमका तेवढाच माल बाजूला काढायचा असतो. पुरवठादाराला ते सांगता आलं नाही तर सगळाच माल फेकावा लागतो. म्हणून अनेक खरेदीदार पूर्ण माग काढायला चार तासांची मुदत देतात.

ताईंकडे आम्ही रंगीत तालीम केली. गोदामातल्या रॅकवरून डोळे झाकून एक किलोचं पाकीट उचललं, त्यावरचा बॅच नंबर लिहून घेतला आणि घड्याळ लावलं. पुढे कुणाकडे किती गेलं हे बिलांवरून पाऊण तासात सापडलं, कारण पैशांचा हिशेब चोख होता. उलटा प्रवास मात्र अडला. पॅकिंगच्या वहीत बॅच नंबर होता, पण दळणाच्या वहीत फक्त तारीख. त्या तारखेला ब्याडगी आणि गुंटूरची अशी दोन पोती-थप्प्या गोदामात होत्या. कोणती दळली, हे देठ काढणाऱ्या मावशींच्या आठवणीवर ठरलं. आठवण बरोबर होती, पण ऑडिटर आठवणीला पुरावा मानत नाही.

मग वजनाचा ताळा केला. त्या लॉटची मिरची 480 किलो आली होती. देठ आणि कचरा 46 किलो निघाला, उन्हात वाळवल्यावर आणखी 22 किलो कमी झाले. दळायला गेली 412 किलो. दळताना उडालेली आणि झाडून फेकलेली पावडर सुमारे 7 किलो. म्हणजे हातात 405 किलो पडायला हवी. पाकिटं भरली होती 428. विकलेली 396, रॅकवर 29 आणि नमुना म्हणून ठेवलेली 3, बेरीज चोख जुळत होती.

तेवीस किलो जास्त कुठून आली?

कमी भरलं तर सांडलं असेल असं म्हणता येतं. जास्त भरलं की ऑडिटरच्या मनात पहिली शंका येते ती बाहेरची पावडर मिसळल्याची. ताई गोंधळल्या. त्यांनी तसलं काही केलं नव्हतं. उत्तर दळणाच्या खोलीत निळ्या पिंपात होतं. चाळणीवर उरलेलं जाडं आणि पॅकिंगमधलं फुटलेल्या पाकिटांचं उरलंसुरलं त्या पिंपात साठायचं आणि पुढच्या दळणात पडायचं. जिनसा वाया घालवू नयेत या साध्या संसारी सवयीतून हे झालं होतं, आणि त्याची नोंद कुठेच नव्हती. समजा आधीचा लॉट खराब निघाला असता, तर तो थांबवूनही खराबी या 428 पाकिटांत शिल्लक राहिली असती.

उपाय सोपा होता. पिंपाला लाल झाकण आणि स्वतःचा नंबर दिला. त्यात काय, किती आणि कोणत्या बॅचचं पडलं हे लिहायचं. ते पुढच्या दळणात घालायचं असेल तर तिथेही लिहायचं, किती किलो, कोणत्या बॅचचं. महिन्याअखेर पिंप रिकामं करायचं, म्हणजे साखळी कुठेतरी तुटते. पोती आल्या दिवशीच प्रत्येकाला लॉटचं लेबल, आणि तोच नंबर देठाच्या, वाळवणाच्या, दळणाच्या आणि पॅकिंगच्या वहीत. देठाचंही वजन करायचं, कारण ते नसेल तर ताळा सुरूच होत नाही. सगळं मिळून खर्च लेबलांचा आणि वह्यांचा.

दुसरी गोष्ट चुंबकाची. पल्व्हरायझरचे हातोडे झिजतात आणि त्याचा कीस पावडरीत येतो. लहान युनिटला मेटल डिटेक्टर लगेच परवडत नाही, पण पावडर पडते त्या तोंडाशी जोरदार चुंबक बसवता येतो. ताईंकडे चुंबक होता आणि रोज पुसलाही जायचा, पण पुसल्यावर काय निघालं हे कुणी पाहत नव्हतं. आता चुंबकावर चिकटपट्टी दाबून काढतात आणि ती तारखेसह वहीच्या पानावर चिकटवतात. रोज बारीक काळी धूळ दिसते. तिसऱ्या आठवड्यात पट्टीवर नखाच्या कोपऱ्याएवढा धातूचा तुकडा आला. दळण थांबवलं, हातोडे उघडले, एकाचं टोक तुटलेलं मिळालं. मागची तपासणी सकाळी झाली होती, म्हणून सकाळनंतर दळलेला सगळा माल पिवळी चिठ्ठी लावून बाजूला ठेवला आणि पुन्हा चाळून, चुंबकावरून नेऊनच पुढे सोडला. चुंबक फक्त लोखंड धरतो, काच, खडा किंवा बहुतेक स्टेनलेस स्टील त्याला सापडत नाही. चाळणीची जाळी रोज तपासायची ती म्हणूनच.

ऑडिटच्या आदल्या रात्री महिनाभराच्या वह्या भरण्याचा मोह होतो, तो आवरावा. एकाच शाईत लिहिलेली तीस पानं पाहिली की ऑडिटर लगेच सुट्टीची तारीख शोधतो, आणि युनिट बंद असलेल्या रविवारीही तिथे नोंद सापडते. मग खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो. तीन दिवस रिकामे राहिले असतील तर ते रिकामेच राहू द्यावेत आणि खाली कारण लिहावं.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. माग चोख असला तरी मिरचीतला रंग किंवा बुरशीचं विष वहीला दिसत नाही. त्यासाठी लॉटचा नमुना एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. प्रत्येक पोत्याची तपासणी परवडत नाही, म्हणून नव्या व्यापाऱ्याचा पहिला लॉट आणि पावसात सापडलेला माल यांना प्राधान्य द्यावं. अहवाल येईपर्यंत तो लॉट दळायचा नाही.

ऑडिटच्या आठ दिवस आधी पुन्हा तालीम घेतली. एक तास पन्नास मिनिटं लागली आणि ताळ्यात तीन किलोंचा फरक आला, तो झाडून फेकलेल्या पावडरीचा निघाला. प्रत्यक्ष ऑडिटमध्ये बाईंनी पाकीट उचललं ते कांदा-लसूण मसाल्याचं. ताईंच्या पोटात गोळा आला, कारण तालीम झाली होती ती मिरचीची. पण मिरचीचा लॉट मसाल्याच्या वहीत होता, आणि लाल झाकणाच्या पिंपातून त्यात काही पडलं नव्हतं हेही तिथेच लिहिलेलं होतं. शेवटी दोन किरकोळ त्रुटी निघाल्या: गोदामातल्या ट्यूबलाइटला फुटल्यास काच खाली पडू नये असं कव्हर नव्हतं, आणि नव्या काट्याचं प्रमाणपत्र कपाटात होतं, काट्याजवळ नव्हतं. ताईंनी कव्हर त्याच आठवड्यात बसवलं, फोटो काढला, आणि बाकीच्या खोल्यांतले दिवेही बघायला मावशींना पाठवलं.