पावाचा कण, पाण्याचा थेंब आणि फ्रेंच भाषेतला नकार

पॅरिसमधल्या बेकरीत संध्याकाळी उशिरा पोहोचलेलं गिऱ्हाईक विचारतं, ‘वूझावे आंकोर द्यू पँ?’ म्हणजे, अजून पाव शिल्लक आहे का? फळ्या रिकाम्या झालेल्या असतील तर आतून उत्तर येतं, ‘इल न्या प्ल्यू द पँ.’ पाव संपला. ‘पँ’ म्हणजे पाव. तो प्रश्नातही आहे आणि उत्तरातही, पण प्रश्नात त्याच्या आधी ‘द्यू’ होतं आणि उत्तरात नुसतं ‘द’ उरलं. पुण्या-मुंबईच्या शाळा-कॉलेजांत फ्रेंच घेतलेली मुलं हा बदल पहिल्या वर्षातच पाठ करतात. नकार आला की ‘द्यू’, ‘द ला’, ‘दे’ या सगळ्यांचं ‘द’ होतं, एवढा नियम वहीत उतरवला जातो. असं का होतं, हे मात्र बहुतेक पुस्तकं सांगत नाहीत.

मराठीत ‘मी पाव खाते’ म्हटलं की काम भागतं. फ्रेंचमध्ये नाम असं मोकळं सहसा फिरत नाही, त्याच्या आधी एक छोटा शब्द लागतो. जी वस्तू मोजता येत नाही, तिचा काही भाग घेतला असेल तर पुल्लिंगी नामाआधी ‘द्यू’ येतं आणि स्त्रीलिंगी नामाआधी ‘द ला’. ‘ज माँज द्यू पँ’, मी पाव खाते. ‘ज माँज द ला सूप’, मी सूप पिते. अनेकवचनात ‘दे’ येतं, जसं ‘दे पॉम’, म्हणजे काही सफरचंदं. नाम स्वराने सुरू होत असेल तर उच्चार जोडला जातो, म्हणून पाण्याला ‘द लो’ म्हणतात.

या शब्दांची घडण उघडी करून पाहिली की अर्ध कोडं सुटतं. ‘द’ म्हणजे ‘चा’ किंवा ‘-तून’, आणि ‘ल’, ‘ला’, ‘ले’ ही ‘तो, ती, ते’ अशा निश्चिततेची उपपदं. ‘द’ आणि ‘ल’ एकत्र आले, झिजत झिजत त्यांचं ‘द्यू’ झालं. ‘द’ आणि ‘ले’ मिळून ‘दे’ झालं. म्हणजे ‘द्यू पँ’चा मूळ अर्थ ‘त्या पावातलं थोडं’. जुन्या फ्रेंचमध्ये तो अर्थ जिवंत होता. समोरच्या ठरावीक पावातला किंवा वाइनमधला वाटा घेतला तरच असं बोलत, एरवी नाम बिनउपपदाचंच चालायचं. ‘मला भूक लागली आहे’ यासाठी फ्रेंच लोक आजही ‘जे फँ’ म्हणतात, त्यात ‘फँ’ म्हणजे भुकेआधी काहीच नसतं. तो जुन्या वळणाचा अवशेष आहे. पुढच्या शतकांत ‘द्यू’ पसरत गेलं आणि कोणत्याही पावाला लागू लागलं.

आता नकाराकडे. जुन्या फ्रेंचमध्ये क्रियापदाआधी ‘न’ लावलं की नकार पुरा व्हायचा. पण तो एवढासा ध्वनी कानाला अपुरा वाटला की बोलणारा त्याला जोर देण्यासाठी एखादी अगदी क्षुल्लक वस्तू जोडायचा. चालण्याच्या संदर्भात ‘पा’, म्हणजे पाऊल: एक पाऊलही चाललो नाही. खाण्याच्या संदर्भात ‘मी’, म्हणजे कण. पिण्याच्या संदर्भात ‘गुत’, म्हणजे थेंब. ‘प्वँ’, म्हणजे ठिपका, हाही शब्द असाच आला. मराठी माणसाला हे समजायला वेळ लागत नाही, कारण तो रोज हेच करतो. ‘घरात साखरेचा कण नाही’, ‘नळाला पाण्याचा थेंब नाही’ ही आपलीच वाक्यं.

या मराठी वाक्यांत साखरेला आणि पाण्याला काय झालं, ते बारकाईने पाहायला हवं. ‘साखर’ची ‘साखरेचा’ झाली आणि ‘पाणी’चं ‘पाण्याचा’ झालं, कारण वाक्यात मुख्य जागा कणाने आणि थेंबाने घेतली. फ्रेंचमध्येही तेच घडलं. कण आला की पाव ‘पावाचा’ झाला, आणि ‘चा’साठी फ्रेंचमध्ये आहे ‘द’. नकाराच्या मागे दिसणारं ‘द’ ते हे. ‘द्यू’ मोडून ‘द’ झालं असं आज वाटतं, प्रत्यक्षात मात्र तिथे नाम बिनउपपदाचं असताना जी जुनी रचना होती तीच टिकून राहिली.

कालांतराने या शब्दांतला ‘पा’ सगळीकडे चालू लागला आणि त्यातलं पाऊल लोक विसरले. खाणं असो, पिणं असो, नकार म्हटला की ‘पा’. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी 1917 साली नकारावर लिहिलेल्या पुस्तकात हा प्रवास मांडला: नकाराचा शब्द क्षीण होतो, त्याला टेकू दिला जातो, आणि शेवटी टेकूच नकार होऊन बसतो. आजच्या बोली फ्रेंचमध्ये हे ऐकू येतं. ‘न’ बहुतेक वेळा गळून पडतो आणि लोक नुसतं ‘जे पा द पँ’ म्हणतात, माझ्याकडे पाव नाही. ‘न’ गेला तरी ‘द’ जागेवर आहे, कारण त्याचं नातं ‘पा’शी आहे. उलट ‘इल न माँज क द्यू पँ’, तो फक्त पावच खातो, या वाक्यात ‘न’ असूनही ‘द्यू’ शाबूत राहतं. इथे पाव खाल्ला जातोच आहे.

परिमाण सांगणारे इतर शब्दही असंच वागतात. ‘बोकू द पँ’ म्हणजे पुष्कळ पाव, ‘अँ किलो द पॉम’ म्हणजे किलोभर सफरचंदं, ‘अँ वेर दो’ म्हणजे पेलाभर पाणी. पुष्कळ, किलोभर, पेलाभर आणि शून्य, सगळ्यांच्या मागे ‘द’. व्याकरणाच्या दृष्टीने ‘पा द’ हे शून्य माप आहे.

हे एकदा कळलं की अपवाद पाठ करावे लागत नाहीत. विद्यार्थी हमखास चुकतात ते आवडीनिवडीत. ‘मला कॉफी आवडत नाही’ याचं ते ‘ज नेम पा द काफे’ करतात. बरोबर वाक्य आहे ‘ज नेम पा ल काफे’. आवडीचा विषय कॉफीचा काही भाग नसून कॉफी हा पदार्थच असतो, त्यामुळे होकारातही तिथे ‘ल’च असतं आणि नकारात ते हलत नाही. शंका आली तर आधी होकारार्थी वाक्य करून पाहावं.

दुसरी जागा ओळख सांगण्याची. ग्लास तोंडाला लावताच वाकडं तोंड करून कोणी म्हणतं, ‘स ने पा द्यू वँ, से द्यू विनेग्र.’ ही वाइन नव्हे, व्हिनेगर आहे. ग्लासात काहीतरी आहेच, नाकारलं आहे ते त्याचं नाव. शून्य मापाचा प्रश्नच नाही, म्हणून ‘द्यू’ तसंच.

सगळ्यांत बारीक फरक दिसतो तो पैशांच्या वाक्यात, आणि व्याकरणकारांचंही ते आवडतं उदाहरण आहे. ‘ज ने पा दार्जाँ’ म्हणजे माझ्याकडे पैसे नाहीत, खिसा रिकामा. पण ‘ज ने पा द लार्जाँ पूर ल गास्पिये’ असं म्हणणाऱ्याकडे पैसे आहेत. ‘गास्पिये’ म्हणजे उधळणं. माझ्याकडे पैसे आहेत ते उधळायला नाहीत, असं तो बजावतो आहे. नकार पैशांवर न बसता उधळण्यावर बसला, आणि पैशांआधीचं ‘ल’ टिकलं तेवढ्यावरून ऐकणाऱ्याला ते कळतं.