डबक्यात चेहरा कधी दिसतो?

पावसानंतरच्या रस्त्याचा एक फोटो होता. मधे डबकं, त्याच्या पलीकडे रिकामा रस्ता. तिथे लाल साडीतली, छत्री घेतलेली बाई उभी करायची होती. तिचा फोटो वेगळा, गच्चीवर काढलेला. मी तिला कापून रस्त्यावर बसवलं, उजेड जुळवला. मग तिची प्रत उलटी केली आणि डबक्याच्या काठाला पाय टेकवून पाण्यात सोडली. बाई लगेच अधांतरी दिसायला लागली.

चूक काठाची होती. सपाट रस्त्यावर साचलेलं पाणी रस्त्याच्याच पातळीत असतं. म्हणून उलटी प्रत तिच्या पायांना पाय भिडवूनच ठेवायची, मधे कोरडा रस्ता असला तरी. मग कोरड्या भागावरची प्रत मास्कने झाकायची. डबकं ही फक्त खिडकी. त्यातून जेवढं दिसेल तेवढंच ठेवायचं.

हिशोब करून पाहिला. कॅमेरा दीड मीटर उंचीवर, बाई 6 मीटरवर. डबकं कॅमेऱ्यापासून पावणेचार मीटरवर सुरू होतं आणि साडेचारवर संपतं. एवढ्या पाण्यात तिचा गुडघ्यापासून कंबरेपर्यंतचाच भाग दिसतो. पाय नाहीत, चेहराही नाही. चेहरा हवा असेल तर पाणी कॅमेऱ्याच्या दिशेने तीन मीटरच्याही अलीकडे पोचायला हवं. चेहरा नाही म्हणून मला आधी हळहळ वाटली, पण फोटो खरा वाटायला लागला तो तिथेच.

पुढचा प्रश्न प्रतिबिंब किती गडद ठेवायचं हा. सरळ वरून पाहिलं तर पाणी जेमतेम 2 टक्के प्रकाश परत पाठवतं. या फोटोतल्या तिरप्या कोनातून सुमारे 13 टक्के. म्हणून प्रतिबिंब मूळ बाईपेक्षा नेहमी काळपट. पण डबक्यात आधीच आभाळ चमकत असतं, आणि बाई उभी राहिली की तेवढं आभाळ ती अडवते. त्यामुळे उलटी प्रत `Screen` मोडमध्ये ठेवली तर गडद साडी आभाळाच्या चमकेत विरून जाते. मी `Multiply` ठेवला. तिच्या आकारात पाणी काळवंडलं, खालचं डांबर डोकावलं, आणि वर साडीचा लाल रंग अगदी हलका चढवला.

प्रतिबिंब डबक्याइतकंच धूसर करण्याचा मोहही टाळावा. पाणी जवळ असलं तरी प्रतिबिंबाचा फोकस कॅमेरा ते पाणी आणि पाणी ते बाई, या दोन्ही अंतरांच्या बेरजेवर ठरतो. बाई स्पष्ट असेल तर तिचं प्रतिबिंबही स्पष्ट. ते मोडतं फक्त तरंगांनी.

मोठं डबकं असेल तर मात्र उलटी प्रत पुरत नाही. पाणी तिला रस्त्याच्या खालून बघतं, त्यात छत्रीच्या काड्या आणि हनुवटीची खालची बाजू दिसायला हवी, आणि समोरून काढलेल्या फोटोत ती नसते. त्यासाठी तिला गच्चीच्या जिन्यावर वरच्या पायरीवर उभं करून, कॅमेरा खाली धरून दुसरा फोटो काढून ठेवावा लागतो.