दोऱ्याने मोजूया भीमा नदी



नकाशा प्रमाण शिकवताना दोन गावांमधलं सरळ अंतर मुलं पट्टीने पटकन काढतात. पण नदीची लांबी विचारली की अडतात, कारण पट्टी वळत नाही. तिथे दोरा कामाला येतो. आज आपण भीमा नदी मोजून पाहू. ती भीमाशंकरला उगम पावते, पंढरपूरवरून जाते आणि रायचूरकडे कृष्णेला मिळते. पुस्तकात तिची लांबी ८६१ किमी दिलेली असते.

आधी दोरा निवडा. लोकर किंवा इलॅस्टिक नको. वळणावर धरताना ते सैल असतं, पट्टीवर ठेवताना ताणलं जातं आणि अंतर उगाच वाढतं. हार ओवायचा जाड सुती दोरा चांगला. नकाशा असा घ्या की उगम आणि संगम दोन्ही दिसतील. आमच्या वर्गातल्या नकाशावर १ सेमी = ४० किमी असं प्रमाण होतं.

दोऱ्याच्या टोकाशी गाठ मारा आणि ती गाठ उगमावर ठेवा. डाव्या अंगठ्याने दाबून धरा. उजव्या हाताने बोटाच्या पेराएवढाच दोरा नदीच्या रेषेवर बसवा, मग अंगठा तिथे सरकवा. असं करत संगमापर्यंत जा. घाई केली की दोरा वळणाच्या आतून जातो आणि लांबी कमी भरते. उजनी धरणाच्या जलाशयातून जाताना दोरा पाण्याच्या मधोमध ठेवा. संगमावर पेनाने खूण करा. दोरा सरळ करा, पण ओढू नका, आणि गाठीपासून खुणेपर्यंत पट्टीवर मोजा.

आमच्या एका गटाचा दोरा १६.५ सेमी भरला. १६.५ × ४० = ६६० किमी. पट्टीने उगम ते संगम सरळ मोजलं तर १२.३ सेमी, म्हणजे ४९२ किमी आलं. वळणांमुळे नदी किती लांबते हे मुलांना लगेच दिसलं. या नकाशावर १ मिमीची चूकसुद्धा ४ किमीची होते, म्हणून तीन वेळा मोजायला सांगा. त्यातली एकदा संगमाकडून उगमाकडे. तिन्ही मापांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर दोरा कुठेतरी सरकलाय असं समजा.

दुसऱ्या गटाचं उत्तर मात्र ९३२ किमी आलं! पुस्तकापेक्षाही जास्त. असं झालं की मोजणीआधी नकाशा तपासा. त्यांच्याकडे झेरॉक्स होती, ए४ ची ए३ केलेली. त्यामुळे नदी १.४ पट मोठी झाली, पण कोपऱ्यात छापलेलं "१ सेमी = ४० किमी" तसंच राहिलं. अशा वेळी खाली छापलेली प्रमाणाची रेषा वापरा. नकाशाबरोबर तीही मोठी होते, म्हणून दोरा थेट तिच्यावर ठेवून मोजला की उत्तर बरोबर येतं.

आता मुख्य प्रश्न. पहिल्या गटाने सगळं नीट केलं, तरी ६६० का? ८६१ का नाही? मी पहिल्या वर्षी अशा उत्तरावर सरळ लाल फुली मारली होती. ती माझी चूक होती. पंढरपूरला नदी चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. १ सेमीत ४० किमी बसवणाऱ्या नकाशावर ते वळण दिसतच नाही. नकाशा काढणाऱ्याने अशी शेकडो लहान वळणं सरळ केलेली असतात. जे कागदावर नाही ते दोरा कसं मोजणार?

हे फक्त शाळेतच घडतं असं नाही. भारताच्या किनाऱ्याची लांबी आपण वर्षानुवर्षं ७,५१६.६ किमी शिकवली. ती १ सेमी = ४५ किमी प्रमाणाच्या माहितीवरून काढलेली होती. अलीकडे १ सेमी = २.५ किमी इतक्या बारकाईने पुन्हा मोजल्यावर ती ११,०९८.८१ किमी झाली. समुद्र पुढे आला म्हणून नव्हे, तर खाड्या, वळणं आणि बेटांचे काठ मापात आले म्हणून.

म्हणून उत्तर लिहून घेताना नुसतं "६६० किमी" नको. "१ सेमी = ४० किमी प्रमाणाच्या नकाशावर ६६० किमी" असं लिहून घ्या. मग शक्य असेल तर पंढरपूर परिसराचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा द्या आणि त्याच दोन गावांमधली नदी दोन्ही नकाशांवर मोजायला सांगा. दोन उत्तरं शेजारी शेजारी आली की कारण मुलंच सांगतील. तुमच्या गावाजवळच्या नदीवर करून बघा आणि किती फरक आला ते नक्की कळवा.