नुसत्या नावाचे भित्तिपत्रक

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ सातपुरात राहतात. बावीस वर्षे त्यांनी एका कारखान्यात मोटारींच्या वाइंडिंगचे काम केले. कारखाना बंद झाला, हिशेबाचे पैसे हाती आले आणि त्यांतून त्यांनी श्रमिकनगरकडे एक लहानसा गाळा भाड्याने घेतला. एके संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, युनियनची इतकी पोस्टरं केलीत तुम्ही. आमच्या दुकानाचंही एक करून द्या. नाव 'समर्थ'. बाकी तुम्हीच बघा." (दुकानाचे खरे नाव निराळे आहे, येथे हे धरून चालू.)

आम्हीही बाकीचे आम्हीच पाहिले, आणि तेथेच चूक केली. वर्षानुवर्षे द्वारसभांची पोस्टरे काढून आमचा हात लाल रंगाला सरावलेला. लाल जमिनीवर पिवळ्या अक्षरांत 'समर्थ' आणि खाली 'सर्व प्रकारची कामे केली जातील' असा मजकूर घालून आम्ही पन्नास प्रती छापून घेतल्या. त्या लागल्यावर कोणाला वाटले की संप आहे, कोणाला वाटले की निवडणुकीला कोणी उभे राहिले आहे. एका बाईंनी तर येथे दळण मिळते का, असे विचारले. आठ दिवसांत एकही पंखा दुरुस्तीला आला नाही. भाडे मात्र चालू होते, आणि ते भाडे हिशेबाच्या पैशांतून जात होते.

मग आम्ही त्यांना समोर बसवले आणि जे आधी विचारावयास हवे होते ते विचारले. ते प्रश्न कोणाही दुकानदाराला उपयोगी पडतील, म्हणून येथे क्रमाने सांगतो.

पहिला प्रश्न रंगाचा नव्हे, गिऱ्हाइकाचा. "तुमच्याकडे कोणी यावे?" असे विचारले तर प्रत्येक दुकानदार "सगळ्यांनी" असेच म्हणतो. म्हणून प्रश्न फिरवून विचारावा : दुरुस्तीला काय काय घेता, आणि ती वस्तू उचलून कोण आणते? आमच्या गृहस्थांनी सांगितले : पंखा, मिक्सर आणि पाण्याची मोटार. पंखा आणि मिक्सर कामगारांच्या घरातून येणार, आणि ते बंद पडल्याची खरी अडचण घरातल्या बाईला. विहिरीवरची मोटार मात्र त्र्यंबक रस्त्याने येणारा शेतकरी आणणार. ही दोन गिऱ्हाइके एका ठिकाणी उभी राहत नाहीत आणि एकच वाक्य वाचून दुकानात येत नाहीत. एका भित्तिपत्रकाने एकाशीच बोलावे. दुकान वस्तीत होते, म्हणून आम्ही घरे धरली आणि शेतीची मोटार पुढच्या वेळेसाठी ठेवली.

गिऱ्हाईक ठरले की जागा ठरते आणि जागेवरून अक्षराचा आकार ठरतो. साधारण हिशेब असा की दहा फुटांवरून सहज वाचावयाचे अक्षर एक इंच उंच असावे. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजावी. वेलांटी, मात्रा आणि उकार त्याशिवाय. रस्त्यापलीकडून, म्हणजे साठ फुटांवरून वाचावयाचे तर सहा इंची अक्षर लागेल, आणि वीस इंच रुंद व तीस इंच उंच अशा डबल क्राउन कागदावर तसा मजकूर मावत नाही. तो कागद जिन्याच्या तोंडाशी, किराणा दुकानात किंवा पिठाच्या गिरणीत लावावा. तेथे माणूस थांबलेला असतो आणि अंतर सहा-आठ फूट असते. अशा किती जागा मिळतील ते आधी मोजले, चाळीस निघाल्या; पन्नास प्रती पुरेशा होत्या. परक्याच्या भिंतीवर न विचारता चिकटवू नये. मालमत्तेचे विद्रूपण रोखण्यासाठी महाराष्ट्रात १९९५ साली कायदा झाला आहे, आणि चौकात फलक लावावयाचा तर महापालिकेची परवानगी लागते.

दुसरा प्रश्न मजकुराचा. 'समर्थ' हे नाव किराणा दुकानाचे असू शकते, औषधांच्या दुकानाचे आणि खानावळीचेही. जे नाव कामाबद्दल काहीच सांगत नाही ते मोठ्या अक्षरांत छापून उपयोग नाही. म्हणून सर्वांत मोठी ओळ 'पंखा, मिक्सर दुरुस्ती' अशी केली आणि नाव तिच्याखाली घेतले. पत्त्यात गाळ्याचा क्रमांक कोणी लक्षात ठेवत नाही. जवळच्या मारुतीच्या देवळाची खूण घातली. वेळ विचारली तेव्हा ते म्हणाले, "दहा ते सहा." परंतु पहिल्या पाळीचा कामगार दुपारनंतर सुटतो आणि जनरल पाळीचा संध्याकाळी सहाला वाटेत असतो. त्यांनी दुकान रात्री साडेआठपर्यंत उघडे ठेवण्याचे कबूल केले, आणि मगच ती वेळ छापली.

'गॅरंटी' हा शब्द त्यांना हवा होता. कशाची आणि किती दिवसांची, असे आम्ही विचारले. नव्या वाइंडिंगची सहा महिने देता येईल, जुन्या बेअरिंगची नाही, असे ते म्हणाले. तेव्हा 'नव्या वाइंडिंगची सहा महिने गॅरंटी, पावतीवर लिहून' एवढेच घातले. जे काउंटरवर पाळता येत नाही ते कागदावर छापले तर भांडण आपणच छापल्यासारखे होते.

रंगाचा प्रश्न शेवटी. येथे तीन गोष्टी विचारल्या : पाटीचा रंग कोणता, भित्तिपत्रकाच्या मागची भिंत कोणत्या रंगाची, आणि वस्तीत कोणता रंग कोणाचा समजला जातो. लाल आमचा, भगवा, निळा आणि हिरवा यांनाही आपापले धनी आहेत. दुकानाची पाटी पिवळी होती, म्हणून पिवळ्या जमिनीवर काळी अक्षरे घेतली. हिरव्यावर लाल अक्षर कधी घेऊ नये. काही पुरुषांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. परीक्षा सोपी आहे. नमुन्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढावी. तिच्यात अक्षर जमिनीत बुडाले तर रंगांची जोडी फसली. संगणकाच्या पडद्यावर रंग उजळ दिसतो आणि कागदावर मंद उतरतो, म्हणून निवड छापील नमुन्यावरूनच करावी.

नमुना आला तेव्हा आणखी एक खोड निघाली. मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना फाँट बदलला होता आणि 'दुरुस्ती'तले जोडाक्षर तुटून 'दुरुस् ती' झाले होते. हे मजकूर लिहिणाऱ्याच्या नजरेस येत नाही, कारण तो आठवणीने वाचतो. शेजारच्या सातवीतल्या मुलीला मोठ्याने वाचावयास लावले, तेव्हा ती तेथेच अडखळली. दूरध्वनीचा क्रमांकही कागदावरून पाहून लावून बघितला.

दुसऱ्या खेपेच्या पन्नास प्रती पगाराच्या आठवड्यात लावल्या. आम्ही त्यांना एक वही दिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला "कुठे पाहिलंत?" एवढे विचारून लिहावयास सांगितले. पंधरा दिवसांनी वही पाहिली. सर्वांत जास्त नोंदी गिरणीच्या होत्या, आणि बसथांब्याजवळच्या चहाच्या टपऱ्यांवर लावलेल्या प्रतींनी एकही गिऱ्हाईक आणले नव्हते. टपरीवर पुरुष उभा असतो, आणि मिक्सर त्याच्या डोक्यात नसतो. पुढच्या वेळी टपऱ्यांच्या प्रती वाचतील. विहिरीच्या मोटारीसाठी आता दुसरे भित्तिपत्रक करावयाचे आहे. त्याआधी शेतकरी कोठे थांबतो ते पाहावयास ते गृहस्थ स्वतः महिरावणीला जाऊन आले आहेत.