दिव्याला पडलेलं खळं

चंद्राला खळं पडलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला तसंच खळं पडलेलं दिसायला लागलं तर? आमच्या गटातल्या एका वहिनींच्या मुलीचं तसंच झालं. तिला विचारूनच आज आम्ही ही गोष्ट सांगतोय, नाव तेवढं सांगणार नाही.

मुलगी चोवीस वर्षांची. मानकोलीच्या एका गोदामात कामाला, सुट्टी रात्री दहाला. मग स्कूटरवरून नाशिक हायवेने पडघ्याकडे घरी. उजव्या डोळ्याला उणे साडेपाच नंबर, डाव्याला उणे सहा. लेझर करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर चष्म्याशिवाय वाचलं, तेव्हा घरात पेढे वाटले. पाच आठवड्यांनी ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, दिवसा सगळं छान दिसतं, पण रात्री समोरून ट्रक आला की दिव्याचा नुसता गोळा दिसतो. रस्त्याची कड सापडत नाही." भाऊ रोज आणायला जात होता. त्याची रात्रपाळी सुरू झाली की नोकरी सोडायची वेळ येणार होती. त्यात कुणीतरी सांगितलं, परत एकदा लेझर मारून घे, जाईल ते.

परत लेझर करायचं की नाही, हे ठरवण्याआधी खळं कशामुळे पडतं ते शोधावं लागतं. कारणं एकाहून जास्त असतात आणि दुसऱ्यांदा केलेलं लेझर त्यातल्या प्रत्येकावर चालत नाही.

डोळ्याच्या अगदी पुढे घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. लेझरने त्याचा मधला, साधारण सहा-साडेसहा मिलिमीटरचा भाग तासून आकार बदलतात. दिवसा बाहुली बारीक असते, त्यामुळे उजेड या तासलेल्या भागातूनच आत जातो. अंधारात बाहुली मोठी होते आणि तासलेल्या भागाच्या कडेवरूनही उजेड शिरतो. तो एका ठिकाणी न जमता पसरतो. मूळ नंबर जितका मोठा, तितकं तासणं जास्त आणि हा त्रास होण्याची शक्यताही जास्त. पण सगळा दोष मोठ्या बाहुलीचा नाही. थोडा नंबर उरलेला असेल किंवा डोळा कोरडा पडला असेल, तरी दिवा पसरतो. लेझरनंतरचे काही महिने डोळा कोरडा राहणं तर फारच नेहमीचं आहे, कारण कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात आणि त्या सावकाश भरून येतात.

हे विरळा नाही, तेही सांगायला हवं. अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने केलेला अभ्यास २०१७ साली छापून आला. आधी खळं दिसत नव्हतं अशांपैकी ४० टक्क्यांपर्यंत लोकांना लेझरनंतर तीन महिन्यांनी ते दिसत होतं. मात्र दिसण्याच्या अशा तक्रारींमुळे रोजची कामं फार अडलेले लोक शंभरात एकही नव्हते. पेढे वाटण्याआधी हे कुणी सांगितलं असतं, तर पोरगी एवढी घाबरली नसती.

डॉक्टरांनी तिला आधी थांबायला सांगितलं. बहुतेकांचं खळं तीन ते सहा महिन्यांत ओसरतं. तोवर कृत्रिम अश्रूंचे थेंब नियमित घालायचे. आम्ही तिला घरी एक गोष्ट करायला लावली. रात्री अंगणातून रस्त्याचा दिवा बघायचा, एकदा एक डोळा झाकून, एकदा दुसरा. मग दोन-तीनदा पापण्या मिटून परत बघायचं. पापणी मिटली की खळं क्षणभर आवळतं का? तसं होत असेल तर कोरडेपणाचा हात असू शकतो. जे दिसलं ते वहीत काढून ठेवायचं. तिच्या वहीत उजव्या डोळ्याचं वर्तुळ महिन्या-महिन्याला लहान होत गेलं. डाव्याचं होतं तेवढंच राहिलं.

तीन महिन्यांनी तपासलं तर उजव्याचा नंबर शून्य आणि डाव्यात उणे पाऊण उरलेला. आता यातली महत्त्वाची तपासणी अगदी साधी आहे. खोलीत अंधार करून तपासणीच्या चौकटीत डाव्या डोळ्यापुढे उणे पाऊणची काच घातली आणि समोर एक बारीक दिवा लावला. खळं निम्म्यावर आलं. म्हणजे तिच्या त्रासात उरलेल्या नंबरचा मोठा वाटा होता. काच घालूनही काहीच फरक पडला नसता, तर नंबरसाठी पुन्हा लेझर करूनही पडला नसता. ही काच लावून बघितल्याशिवाय कुणी पुन्हा लेझर सुचवलं, तर आधी ती लावून दाखवा म्हणायचं.

पुन्हा लेझर करायचं तर दोन गोष्टी जुळाव्या लागतात. नंबर ठरलेला हवा, म्हणजे काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजला तरी तेवढाच यायला हवा. आणि कॉर्निया पुरेसा जाड हवा. हा हिशोब आपल्याला कळण्यासारखा आहे. तिच्या डाव्या कॉर्नियाची मूळ जाडी ५३० मायक्रॉन होती. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वरची चकती उचलली ती ११० ची, लेझरने तासले ९०. खाली उरले ३३०. पाऊण नंबर काढायला आणखी दहा-पंधरा जाणार. निदान २५० तरी उरलेच पाहिजेत, आणि बरेच डॉक्टर त्याहून जास्त ठेवतात. कॉर्निया फार पातळ झाला तर तो पुढे फुगू लागतो आणि नजर वेडीवाकडी होते. म्हणून आधी कॉर्नियाचा नकाशा काढतात. नंबर सारखा वाढत असेल किंवा एका डोळ्याने दिव्याची दुहेरी सावली दिसत असेल, तर कारण कळेपर्यंत लेझरचं नावही काढायचं नाही.

तिची जाडी बसत होती. पण मागच्या वेळी नंबर अर्धा होता, आता पाऊण. म्हणून डॉक्टरांनी रात्रीपुरता चष्मा दिला, काचेवर चकाकी कमी करणारा थर असलेला. सहा महिन्यांनी पुन्हा पाऊणच आला. आता लेझर करता आलं असतं. तिनेच नको म्हटलं. दिवसा चष्मा लागत नाही, रात्री स्कूटरच्या डिकीत असतो, मग पुन्हा डोळ्याला हात का लावायचा? आम्हाला ते पटलं. दुसऱ्या लेझरमध्ये चकतीखाली पेशी वाढण्याचा धोकाही असतो. नंबर दीडचा असता आणि दिवसाही अडत असतं, तर आम्ही कदाचित वेगळं म्हटलं असतं. थोडं खळं अजून आहे, पण ती एकटी घरी येते.

रस्त्यावर 'रात्रीसाठी' म्हणून पिवळ्या काचेचे चष्मे मिळतात. त्यांनी उजेडच कमी होतो आणि माणूस रस्ता ओलांडताना उशिरा दिसतो. लेझरनंतरचे स्टिरॉइडचे थेंब सांगितलेल्या दिवशी बंद करा, कारण जास्त दिवस घातले तर डोळ्याचा दाब वाढू शकतो. दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत वर्तुळं दिसून डोळा ठणकायला लागला, मळमळलं, किंवा डोळ्याला मार लागून नजर एकदम धूसर झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लेझरचं ठरलंच असेल तर पुन्हा करावं लागल्यास पैसे धरलेत का, किती महिन्यांपर्यंत, हे आधी विचारून लिहून घ्या. आणि जुना नंबर, कॉर्नियाची जाडी, चकतीची जाडी हे कागद रेशनकार्डाशेजारी ठेवा. पुढे साठीत मोतीबिंदू झाला की आत घालायच्या भिंगाचा नंबर काढताना डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील.